व्हिसासाठी वेतन-तपशील प्रमाणपत्र: कार्यालयाला मागणीपत्र कसे लिहावे

व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीत 'उत्पन्नाचा पुरावा' असे लिहिलेले असते, तेव्हा बहुतेक नोकरदार शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप छापून जोडतात. पगार दरमहा सारखाच येत असेल आणि तीच रक्कम बँकेत दिसत असेल, तर अनेकदा तेवढ्यावर भागतेही. पण पगारातून पतपेढीचा हप्ता जात असेल, एखाद्या महिन्यात प्रोत्साहन रक्कम मिळालेली असेल किंवा स्लिपवरचा एकूण पगार आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांत बरेच अंतर असेल, तर अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते अंतर कशामुळे पडले हे कोणीतरी सांगावे लागते. अर्जदाराने स्वतः सांगितलेल्या कारणापेक्षा कार्यालयाने लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून दिलेल्या हिशेबाला अधिक वजन असते. मूळ वेतन किती, भत्ते किती, त्यांची बेरीज किती, कपाती कोणत्या आणि शेवटी हातात किती आले, हे सगळे एका पानावर मांडणारा असा कागद म्हणजे वेतन-तपशील प्रमाणपत्र, ज्याला आपण बोलताना सॅलरी ब्रेकअप सर्टिफिकेट म्हणतो.

हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी कर्मचारी जे पत्र लिहितो, त्याविषयी हा लेख आहे. 'मला व्हिसासाठी पगाराचे प्रमाणपत्र हवे आहे, कृपया द्यावे' एवढेच लिहिले, तर मनुष्यबळ विभाग आपला ठरावीक नमुना काढतो, त्यात वार्षिक सीटीसीचा एक आकडा घालतो आणि सही करून देतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो सॅलरी स्लिपवर नसतो आणि बँकेच्या खातेउताऱ्यावरही नसतो. म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे हे की, मागणीपत्र लिहिण्याआधी हिशेब स्वतः करावा आणि तो पत्रातच मांडावा. मग विभागाचे काम आकडे तपासून सही करण्यापुरते उरते आणि प्रमाणपत्र तुम्हाला हवे तसे मिळते.

पहिली पायरी: यादी वाचणे आणि महिने ठरवणे

ज्या देशाचा व्हिसा हवा आहे, त्याच्या अधिकृत यादीत पगाराविषयी नेमके काय मागितले आहे ते आधी वाचावे, कारण प्रत्येक ठिकाणी भर वेगळ्या गोष्टीवर असतो. ब्रिटनच्या पर्यटन व्हिसाच्या मार्गदर्शक सूचनांत कार्यालयाच्या पत्रावर पद, पगार आणि नोकरीचा कालावधी असावा असे म्हटलेले आहे. अमेरिकेच्या डीएस-१६० या अर्जात नोकरदाराला स्थानिक चलनातील मासिक उत्पन्न भरावे लागते, त्यामुळे तेथे तुम्ही भरलेल्या आकड्याला आधार देणारा कागद जवळ असणे महत्त्वाचे ठरते. शेंगेन व्हिसासाठी सहसा अलीकडच्या महिन्यांच्या सॅलरी स्लिप, बँकेचा खातेउतारा आणि रजा मंजूर असल्याचे कार्यालयाचे पत्र मागितले जाते. यादीत जितक्या महिन्यांच्या स्लिप मागितल्या असतील, तितक्याच महिन्यांचे प्रमाणपत्र मागावे. तीन महिन्यांच्या स्लिप आणि सहा महिन्यांचे प्रमाणपत्र दिले, तर उरलेल्या तीन महिन्यांचा आधार पाहणाऱ्याला सापडत नाही.

रजा मंजूर असल्याचे पत्र आणि ना हरकत पत्र हे कागद वेगळे आहेत. काही कार्यालये तिन्ही गोष्टी एकाच पत्रात देतात आणि त्यात चूक काहीच नाही, मात्र पगाराच्या तक्त्यासाठी स्वतंत्र पान असले तर ते वाचायला सोपे जाते. शिवाय रजेच्या तारखा बदलल्या तरी पगाराचा कागद पुन्हा करावा लागत नाही.

फॉर्म १६ जोडल्यावर प्रमाणपत्राची गरज काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. फॉर्म १६ हा संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो आणि तो कर्मचाऱ्याला देण्याची मुदत त्यानंतरच्या १५ जूनपर्यंत असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाण्यासाठी एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्याच्या हातात त्यामुळे बहुधा त्याआधीच्या वर्षाचाच फॉर्म असतो. मधल्या काळात पगार वाढला असेल, तर जुना फॉर्म आणि नव्या स्लिप जुळत नाहीत आणि हा फरक चालू वेतनाच्या प्रमाणपत्रानेच स्पष्ट होतो.

दुसरी पायरी: हिशेब मांडणे

एक उदाहरण घेऊन पाहू. महाराष्ट्रातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करणारा एक कर्मचारी जून २०२६ मध्ये युरोपला जाणार आहे आणि २४ एप्रिलला त्याला कागदपत्रे सादर करायची आहेत. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि सर्वसाधारणपणे किमान १५ दिवस आधी करायचा असतो, त्यामुळे ही तारीख नियमात बसते. त्याला जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तीन महिन्यांचे प्रमाणपत्र हवे आहे.

त्याचे मूळ वेतन दरमहा ३२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता १६,०००, वाहतूक भत्ता ३,००० आणि विशेष भत्ता १३,००० रुपये. या चार रकमांची बेरीज ६४,००० रुपये होते आणि तोच त्याचा नियमित एकूण मासिक पगार. मार्चमध्ये त्याला वर्षातून एकदाच मिळणारी २४,००० रुपयांची प्रोत्साहन रक्कम मिळाली, म्हणून त्या एका महिन्याचा एकूण पगार ८८,००० रुपये झाला.

कपातींकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. भविष्य निर्वाह निधी मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे ३,८४० रुपये. तुमच्या स्लिपवर हा आकडा १,८०० असेल, तर तुमची कंपनी १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर वर्गणी कापते असे समजावे. ती चूक नसते आणि मूळ वेतनावर १२ टक्के काढून तो आकडा 'दुरुस्त' करायला जाऊ नये. पुढची कपात व्यवसाय कराची. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक पगार असलेल्या कर्मचाऱ्याचा हा कर दरमहा २०० रुपये असतो आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये पूर्ण होतात. महिलांना दरमहा २५,००० रुपयांच्या पगारापर्यंत या करातून सूट आहे. फेब्रुवारीत हातात येणारा पगार शंभर रुपयांनी कमी का दिसतो, याचे उत्तर एवढेच असते. पण पत्रातील तक्ता 'दरमहा २०० रुपये' धरून केला, तर फेब्रुवारीची बेरीज बँकेशी जुळत नाही आणि शंभर रुपयांसाठी सगळा तक्ता संशयास्पद वाटू लागतो.

याशिवाय त्याच्या पगारातून गट आरोग्य विम्याचे ९६० रुपये आणि कर्मचारी सहकारी पतपेढीच्या कर्जाचा ४,५०० रुपयांचा हप्ता जातो. आयकराची कपात मात्र शून्य आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही आणि याचा वर्षाचा पगार प्रोत्साहन रकमेसह ७,९२,००० रुपये होतो. आयकर शून्य असला तरी तक्त्यातील ती ओळ गाळू नये, तेथे स्पष्टपणे 'शून्य' लिहावे. ओळच नसेल, तर कर लागत नाही की तो दाखवायचा राहिला आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

पतपेढीचा हप्ता प्रमाणपत्रात दाखवायला पुष्कळ जण कचरतात, कर्ज दिसले तर व्हिसा मिळणार नाही अशी त्यांना भीती वाटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. हप्ता वगळून केलेल्या तक्त्यात हातात आलेली रक्कम ५९,००० रुपये दाखवली आणि बँकेत ५४,५०० रुपये जमा झालेले दिसले, तर ४,५०० रुपये कुठे गेले हा प्रश्न कर्जापेक्षा कितीतरी अवघड होऊन बसतो. त्यापेक्षा कपातींचे दोन गट करावेत: कायद्याने होणाऱ्या आणि कर्मचाऱ्याच्या संमतीने होणाऱ्या. पहिल्या गटात भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि आयकर येतात, तर दुसऱ्यात विमा आणि पतपेढी. असे केल्यावर जानेवारीत कायदेशीर कपातीनंतर ५९,९६० रुपये उरले आणि त्यानंतरचे ५,४६० रुपये त्याने स्वतःच्या इच्छेने वळते केले, हे वाचणाऱ्याला एका नजरेत समजते.

आता सीटीसीविषयी, कारण सर्वाधिक गोंधळ येथे होतो. याच कर्मचाऱ्याच्या नियुक्तिपत्रात वार्षिक सीटीसी ८,५६,५५० रुपये लिहिलेली आहे. त्यात ७,९२,००० रुपयांच्या पगाराबरोबर कंपनीने स्वतःच्या बाजूने भरलेला भविष्य निर्वाह निधीचा ४६,०८० रुपयांचा हिस्सा आणि उपदानापोटी, म्हणजे ग्रॅच्युइटीपोटी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के दराने धरलेले १८,४७० रुपये आहेत. या आकड्याला बाराने भागले की ७१,३७९ रुपये येतात आणि अनेक जण तोच आकडा 'मासिक उत्पन्न' म्हणून अर्जात भरतात. बँकेत जमा होतात ५४,५००. जवळजवळ सतरा हजारांचा हा फरक अधिकाऱ्याला फुगवलेल्या उत्पन्नासारखा दिसू शकतो, आणि तेही अर्जदाराने काहीही फुगवलेले नसताना. कंपनीचा निधीतील हिस्सा आणि उपदान या रकमा कर्मचाऱ्याच्या मासिक पगारात येतच नाहीत, म्हणून त्या तक्त्याच्या बेरजेत नसाव्यात. कंपनीच्या नमुन्यात सीटीसी देण्याची प्रथा असेल, तर तो आकडा तक्त्याखाली वेगळ्या ओळीत, त्यात काय काय धरले आहे हे सांगून द्यावा.

तिसरी पायरी: बँकेच्या नोंदींशी ताडून पाहणे

पत्र लिहायला बसण्यापूर्वी खातेउतारा समोर घेऊन प्रत्येक महिन्याची जमा रक्कम तपासावी. आपल्या उदाहरणातील कंपनीत पगार पुढच्या महिन्याच्या २ तारखेला जमा होतो. जानेवारीचे ५४,५०० रुपये २ फेब्रुवारीला, फेब्रुवारीचे ५४,४०० रुपये २ मार्चला आणि मार्चचे ७८,५०० रुपये २ एप्रिलला खात्यात आले. म्हणजे कोणी ३१ मार्चपर्यंतचाच उतारा काढला, तर प्रमाणपत्रात मार्चचा ७८,५०० रुपयांचा पगार आहे आणि उताऱ्यात तो कुठेच नाही, अशी स्थिती होते. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत: उतारा शेवटचा पगार जमा झाल्यानंतरच्या तारखेपर्यंतचा काढावा आणि प्रमाणपत्रात महिन्यासमोर जमा झाल्याची तारीख द्यायला सांगावी.

काही कंपन्या प्रवासखर्च किंवा मोबाइल बिलाची परतफेड पगारासोबत एकाच रकमेत जमा करतात. असे असेल तर ती रक्कम पगार नाही हे तक्त्याच्या खाली एका ओळीत लिहून घ्यावे. बिनपगारी रजा किंवा मागील थकबाकी असलेल्या महिन्यालाही हेच लागू होते. नियमित आकडा मोडला असेल, तर त्याचे कारण त्या महिन्यासमोरच असावे.

जे कर्मचारी एका कंपनीच्या आवारात काम करतात, पण पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडून घेतात, त्यांनी प्रमाणपत्र पगार देणाऱ्या संस्थेकडेच मागावे, कारण खातेउताऱ्यावर तिचेच नाव असते. प्रत्यक्ष काम जेथे चालते तेथील पत्र पूरक म्हणून जोडता येईल. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी हे पत्र कार्यालयातील आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावे लिहावे. त्यांच्या तक्त्यात महागाई भत्त्याची स्वतंत्र ओळ येते, बाकी रीत तीच.

चौथी पायरी: पत्र लिहिणे

पत्र एका पानात बसावे आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात: तुमची ओळख, प्रमाणपत्र कशासाठी हवे ते, कोणत्या महिन्यांचे हवे ते, तपासून घेण्यासाठी आकडे, आणि केव्हापर्यंत हवे ती तारीख. प्रवासाचे वर्णन, कुटुंबाची माहिती किंवा विनंतीचे लांबलचक परिच्छेद यांची गरज नसते. वेतन विभागातील माणूस पत्र हातात घेतल्यावर सर्वप्रथम कर्मचारी क्रमांक शोधतो, म्हणून तो पहिल्याच वाक्यात असावा. उदाहरणातील कर्मचाऱ्याचे पत्र पुढीलप्रमाणे होईल.

दिनांक: ६ एप्रिल २०२६

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(कंपनीचे नाव आणि पत्ता)

विषय: व्हिसा अर्जासाठी जानेवारी ते मार्च २०२६ या महिन्यांचे वेतन-तपशील प्रमाणपत्र मिळण्याबाबत.

महोदय,

मी (पासपोर्टवर आहे तसे पूर्ण नाव), कर्मचारी क्रमांक (क्रमांक), लेखा विभागात वरिष्ठ सहायक या पदावर (रुजू झाल्याची तारीख) पासून कायम सेवेत आहे. मी ८ जून ते १९ जून २०२६ या काळात पर्यटनासाठी फ्रान्सला जाणार असून त्यासाठी व्हिसाचा अर्ज २४ एप्रिल २०२६ रोजी सादर करणार आहे. अर्जासोबत माझ्या वेतनाचा, भत्त्यांचा आणि कपातींचा बेरजेसह तपशील देणारे प्रमाणपत्र जोडायचे आहे.

माझ्या सॅलरी स्लिपनुसार या तीन महिन्यांचा तपशील खाली देत आहे. तो आपल्या नोंदींशी पडताळून त्यानुसार प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती.

| तपशील (रुपये) | जानेवारी | फेब्रुवारी | मार्च | एकूण |
|---|---|---|---|---|
| मूळ वेतन | ३२,००० | ३२,००० | ३२,००० | ९६,००० |
| घरभाडे भत्ता | १६,००० | १६,००० | १६,००० | ४८,००० |
| वाहतूक भत्ता | ३,००० | ३,००० | ३,००० | ९,००० |
| विशेष भत्ता | १३,००० | १३,००० | १३,००० | ३९,००० |
| वार्षिक प्रोत्साहन रक्कम | शून्य | शून्य | २४,००० | २४,००० |
| एकूण पगार | ६४,००० | ६४,००० | ८८,००० | २,१६,००० |
| भविष्य निर्वाह निधी | ३,८४० | ३,८४० | ३,८४० | ११,५२० |
| व्यवसाय कर | २०० | ३०० | २०० | ७०० |
| आयकर | शून्य | शून्य | शून्य | शून्य |
| गट आरोग्य विमा | ९६० | ९६० | ९६० | २,८८० |
| पतपेढी कर्जहप्ता | ४,५०० | ४,५०० | ४,५०० | १३,५०० |
| एकूण कपात | ९,५०० | ९,६०० | ९,५०० | २८,६०० |
| निव्वळ पगार | ५४,५०० | ५४,४०० | ७८,५०० | १,८७,४०० |
| जमा दिनांक | २ फेब्रुवारी | २ मार्च | २ एप्रिल | |

प्रमाणपत्र इंग्रजीत, कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत स्वाक्षरी व शिक्क्यासह असावे आणि त्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांचे नाव, पद, कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक व अधिकृत ईमेल असावा, अशी विनंती आहे. माझा नियमित एकूण मासिक पगार ६४,००० रुपये असून मार्चमधील २४,००० रुपयांची प्रोत्साहन रक्कम वर्षातून एकदा दिली जाते, असा उल्लेख त्यात करावा. हे प्रमाणपत्र शुक्रवार, १७ एप्रिल २०२६ पर्यंत मिळाल्यास मी आभारी राहीन.

सोबत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडली आहे.

आपला,
(स्वाक्षरी, नाव, विभाग, संपर्क क्रमांक)

प्रत: माहितीसाठी विभागप्रमुखांना.

या पत्रातील काही गोष्टींमागचे कारण सांगणे आवश्यक आहे. नाव 'पासपोर्टवर आहे तसे' असे मुद्दाम म्हटले आहे. आपल्याकडे अनेक कार्यालयांच्या नोंदीत आडनाव आधी आणि नंतर नाव व वडिलांचे नाव अशी मांडणी असते किंवा नुसती आद्याक्षरे असतात, तर पासपोर्टवर तेच नाव वेगळ्या क्रमाने छापलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हा फरक पूर्ण आडनावाचा असू शकतो. स्लिपवरचे नाव लगेच बदलता येत नसेल, तर प्रमाणपत्रात पासपोर्टवरचे नाव लिहून 'आमच्या नोंदीत अमुक नावाने' असे एक वाक्य घालून घ्यावे. पासपोर्टची प्रत जोडण्याचे कारणही हेच.

मागणीपत्र मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, पण प्रमाणपत्र मराठीत मिळाले तर त्याचे प्रमाणित भाषांतर करून घेण्यात आणखी दिवस जातात. म्हणून भाषेचा उल्लेख पत्रात आवर्जून करावा. रकमा रुपयांतच राहू द्याव्यात. युरो किंवा डॉलरमध्ये रूपांतर करून देण्याची विनंती कंपनीला करू नये, कारण विनिमय दर रोज बदलतो आणि कंपनीचा लेखापाल त्या आकड्याची जबाबदारी घेणार नाही.

तीन महिन्यांची एकूण २,१६,००० ही रक्कम तिनाने भागून 'सरासरी मासिक पगार ७२,०००' असे कोठेही लिहू नये. एप्रिलची स्लिप मागितली गेली तर तिच्यावर ६४,००० असतील आणि मग पगार कमी झाला असा समज होईल. म्हणूनच पत्रात नियमित पगार आणि एकदाच मिळणारी रक्कम वेगळी सांगितली आहे.

पाचवी पायरी: पत्र देणे आणि प्रमाणपत्र तपासणे

पत्र ईमेलने पाठवावे आणि तक्ता एक्सेलच्या फाइलमध्येही जोडावा, म्हणजे विभागाला आकडे पुन्हा टंकित करावे लागत नाहीत आणि टंकलेखनाच्या चुका टळतात. जेथे आवक नोंदवहीची पद्धत आहे, तेथे छापील प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पगाराची प्रक्रिया महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चालते आणि त्या दिवसांत वेतन विभागाकडून असे काम होणे कठीण असते. उदाहरणातील पत्र ६ एप्रिलला दिले आहे, ते मार्चचा पगार जमा झाल्यानंतर आणि एप्रिलच्या पगाराचे काम सुरू होण्यापूर्वी. १७ एप्रिलची मुदत ठरवताना १४ एप्रिलची सुट्टी आणि प्रमाणपत्रात दुरुस्ती निघालीच तर हाताशी राहणारा पुढचा आठवडा, या दोन्हींचा विचार केलेला आहे. फार आधीही मागू नये. प्रमाणपत्राची तारीख अर्ज सादर करण्याच्या आधीच्या एका महिन्यातील असलेली बरी.

विभागाने पतपेढीचा हप्ता दाखवण्यास नकार दिला, कारण तो कंपनीचा व्यवहार नाही, असेही कधी घडते. अशा वेळी 'इतर अधिकृत कपाती' या नावाने ती रक्कम एका ओळीत घ्यावी असे सुचवावे. नाव दिसले नाही तरी चालेल, रक्कम दिसली पाहिजे, कारण तिच्याशिवाय निव्वळ पगार बँकेशी जुळणार नाही. पतपेढीचा खातेउतारा मग तुम्ही स्वतः जोडू शकता.

प्रमाणपत्र हातात आल्यावर लगेच पाकिटात घालू नये. कॅल्क्युलेटर घेऊन आधी प्रत्येक महिन्याची उभी बेरीज करावी: चार नियमित रकमा आणि असल्यास पाचवी मिळून एकूण पगार, त्यातून एकूण कपात वजा. मग आडव्या बेरजा. शेवटी खालच्या कोपऱ्यातील १,८७,४०० हा आकडा दोन्ही बाजूंनी येतो का ते पाहावे. २,१६,००० मधून २८,६०० वजा करूनही तो यायला हवा आणि ५४,५००, ५४,४०० व ७८,५०० यांच्या बेरजेतूनही. त्यानंतर तिन्ही निव्वळ रकमा खातेउताऱ्यावर पेन्सिलने खूण करत मिळवाव्यात. पूर्ण रुपयांत मांडताना एखाद्या रुपयाचा फरक पडू शकतो. तो बँकेच्या आकड्याप्रमाणे करून घ्यावा, स्लिपवरच्या पैशांप्रमाणे नव्हे.

सही कोणाची आहे तेही पाहावे. सॅलरी स्लिपवर 'संगणकनिर्मित असल्याने स्वाक्षरीची आवश्यकता नाही' असे छापलेले असते आणि काही विभाग तेच वाक्य सवयीने प्रमाणपत्राखालीही टाकतात. हा कागद ज्या कामासाठी हवा आहे, त्याला ते वाक्य मारक ठरते, म्हणून ते काढून प्रत्यक्ष सही घ्यावी. दिलेला दूरध्वनी क्रमांक खरोखर उचलला जातो का, याची खात्री करून घ्यावी आणि सही करणाऱ्यांना सांगून ठेवावे की दूतावासाकडून विचारणा येऊ शकते. फोन उचलणाऱ्या व्यक्तीला तुमचे नाव आणि पगार याविषयी काहीच माहिती नसेल, तर चांगल्या कागदाचाही उपयोग कमी होतो.

अर्ज भरताना उत्पन्नाच्या रकान्यात कोणता आकडा लिहायचा, हे त्या रकान्याच्या शब्दांवर ठरते. एकूण किंवा करपूर्व मासिक उत्पन्न विचारले असेल तर ६४,०००, हातात येणारे विचारले असेल तर ५४,५००. काहीच स्पष्ट केलेले नसेल, तर मी एकूण नियमित पगार लिहिण्याचा सल्ला देईन, कारण प्रमाणपत्रात तो आकडा त्याच नावाने आहे आणि तो ५४,५०० पर्यंत कसा येतो हे त्याच पानावर खाली लिहिलेले आहे. प्रमाणपत्राची मूळ प्रत अर्जासोबत द्यावी लागते, म्हणून त्याआधी तिची स्वच्छ स्कॅन प्रत काढून मागणीपत्राच्या पोचेसोबत ठेवावी. पुढे अधिक माहिती मागवली गेली, तर आपण कोणते आकडे सादर केले होते हे त्या प्रतीवरून लगेच पाहता येते.